जाड उणे नंबर: आधी फ्रेम मोजा, मग काच निवडा

उणे पाच-सहाच्या पुढचा नंबर असलेल्या माणसाला नवा चष्मा करताना बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो: "साधी काच घालू की पातळ?" यातली साधी म्हणजे १.५० इंडेक्सची नेहमीची प्लास्टिक काच, जिला धंद्यात सीआर-३९ म्हणतात; इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वाकवते तो आकडा. पातळ म्हणजे १.६०, १.६७ किंवा १.७४ची हाय इंडेक्स. आणि या दोहोंच्या मधे कुठेतरी पॉलीकार्बोनेट येतं, कधी "न फुटणारी" म्हणून तर कधी "पातळ" म्हणूनही. प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. कड किती जाड होणार हे काचेच्या आधी फ्रेम ठरवते. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत नेतो: दोन्ही डोळ्यांना −७.००, सिलिंड्रिकल नाही, आणि पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर ६२ मिलिमीटर.

पायरी १: कड कुठे जाड होते ते समजून घ्या

उण्या नंबरची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते. मधल्या बिंदूपासून जितकं दूर जावं तितकी ती जाड होत जाते, पण अंतराच्या प्रमाणात नाही, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. अंतर दीडपट झालं की जाडीतली भर सव्वादोनपट होते. सगळी गोम इथे आहे.

हा मधला बिंदू, म्हणजे ऑप्टिकल सेंटर, काचेच्या चौकटीच्या बरोबर मध्यावर नसतो. तो तुमच्या बाहुलीसमोर यायला हवा. फ्रेम मोठी असली की बाहुली चौकटीच्या मध्याऐवजी नाकाकडे सरकलेली असते. तेवढाच मधला बिंदूही नाकाकडे सरकवावा लागतो आणि कानाकडची कड त्याच्यापासून आणखी लांब जाते. जाड नंबरच्या चष्म्यात कानाकडची बाजू नेहमी जास्त जाड दिसते, त्याचं कारण हेच.

पायरी २: फ्रेमच्या काडीवरचे आकडे वाचा

काडीच्या आतल्या बाजूला 54□18 असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधल्या नाकावरच्या पुलाची रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पुढे तिसरा आकडा असेल तर तो काडीची लांबी, त्याचा इथे संबंध नाही.

पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करा, त्यातून पीडी वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं करा. मधला बिंदू प्रत्येक बाजूला किती सरकवावा लागेल ते कळतं. 54□18ची बेरीज ७२. त्यातून ६२ गेले, उरले १०, त्याचं निम्मं ५. आता काचेची अर्धी रुंदी २७, त्यात हे ५ मिळवले की मधल्या बिंदूपासून कानाकडची कड ३२ मिलिमीटरवर येते.

दुसरी फ्रेम घेऊ, 46□20. बेरीज ६६, वजा ६२ म्हणजे ४, निम्मं २. अर्धी रुंदी २३, अधिक २, म्हणजे २५ मिलिमीटर. आरशात या दोन फ्रेममधला फरक फार मोठा वाटत नाही. पण ३२चा वर्ग १०२४ आणि २५चा ६२५. काचेचा नुसता विचारही करण्याआधी जाडीतली चाळीस टक्के भर गेली.

पीडी दोन डोळ्यांची वेगवेगळी मोजून घ्या. नाकाच्या मध्यापासून उजवा डोळा ३० आणि डावा ३२ असं अगदी नेहमी असतं. −७ला दोन मिलिमीटरची चूकसुद्धा जाणवते.

पायरी ३: कडेची जाडी स्वतः काढा

सूत्र असं आहे:

```
जाडीतली भर = (अंतर × अंतर × नंबर) ÷ (2000 × (इंडेक्स − 1))
कडेची जाडी = मधली जाडी + जाडीतली भर
```

अंतर मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि नंबर उणे चिन्हाशिवाय. उत्तरही मिलिमीटरमध्ये येतं. मधली जाडी मी साध्या प्लास्टिकसाठी २ मिलिमीटर धरतो, कारण त्याहून पातळ केलं की ते लवकर तडकतं. बाकीच्या काचांसाठी १.५ धरतो. काही ठिकाणी याहूनही पातळ घासून देतात. हे सूत्र अंदाजाचं आहे. काचेच्या वळणामुळे आणि फ्रेमच्या कोपऱ्यांमुळे खरी जाडी थोडी जास्त निघते, पण तुलनेसाठी ते पुरेसं आहे.

साध्या प्लास्टिकचा नेमका इंडेक्स १.४९८. मोठ्या फ्रेममध्ये १०२४ गुणिले ७ म्हणजे ७१६८. भागिले ९९६ म्हणजे ७.२. अधिक २, एकूण ९.२ मिलिमीटर. याच रीतीने बाकीचे:

| काच | 54□18 | 46□20 |
|---|---|---|
| साधं प्लास्टिक १.५० | ९.२ मिमी | ६.४ मिमी |
| पॉलीकार्बोनेट १.५९ | ७.६ | ५.२ |
| हाय इंडेक्स १.६० | ७.५ | ५.१ |
| हाय इंडेक्स १.६७ | ६.८ | ४.८ |
| हाय इंडेक्स १.७४ | ६.३ | ४.५ |

पहिल्या ओळीतला शेवटचा आकडा आणि शेवटच्या ओळीतला पहिला आकडा शेजारी ठेवून पाहा. लहान फ्रेममधली सगळ्यात साधी काच ६.४, आणि मोठ्या फ्रेममधली सगळ्यात भारी काच ६.३. मोठी फ्रेम निवडून वर १.७४चे पैसे मोजणारा माणूस जिथे पोचतो, तिथे लहान फ्रेमवाला फुकटात पोचलेला असतो.

दुसरं, एकेका स्तंभात खाली उतरत जा. लहान फ्रेममध्ये १.५०वरून १.६०वर गेलं की १.३ मिलिमीटर वाचतात, पण त्यातला अर्धा मिलिमीटर मधली जाडी कमी केल्याने मिळतो. १.६०वरून १.६७ला ०.३, आणि तिथून १.७४ला आणखी ०.३. प्रत्येक पायरीला किंमत चढत जाते आणि मिळकत घटत जाते. ०.३ मिलिमीटर म्हणजे साधारण नखाच्या जाडीएवढं. अर्थात नंबर −१० किंवा −१२ असेल तर हेच फरक वाढतात आणि १.७४ घेण्यात अर्थ उरतो. म्हणून दुसऱ्याचं उत्तर उचलू नका, आपला नंबर घालून गणित करा.

सिलिंड्रिकल नंबर असेल तर थोडी काळजी घ्या. कानाकडच्या कडेची जाडी आडव्या दिशेतल्या नंबरवर ठरते. −५.००, सिलिंडर −२.००, ऍक्सिस ९० असेल तर आडव्या दिशेत पूर्ण −७ असतं आणि वरचं गणित जसंच्या तसं लागू होतं. तोच नंबर ऍक्सिस १८०ला असेल तर आडव्या दिशेत −५च असतं आणि −७ उभ्या दिशेत जातं. फ्रेमची उंची कमी असल्यामुळे तिथे त्याचा त्रास कमी होतो. कागदावर एकच नंबर वाटणाऱ्या दोन माणसांच्या कडा यामुळे वेगळ्या निघतात.

फ्रेम लहान घ्यायची म्हणजे कानशिलं दाबणारी घ्यायची असं नाही. चेहरा रुंद असेल तर काच लहान पण पूल रुंद, आणि काड्या बिजागरीपाशी थोड्या बाहेर आलेल्या, अशी फ्रेम शोधायची. कोपरे गोलसर असलेले बरे, कारण टोकदार कोपरा मधल्या बिंदूपासून सगळ्यात लांब असतो.

पायरी ४: आता काच

जाडी हा काचेचा एक गुण झाला. दुसरा गुण कडेने पाहिल्यावर दिसतो, आणि तो दुकानात सहसा कुणी सांगत नाही. प्रत्येक काच पांढऱ्या प्रकाशातले रंग थोडे फोडते. किती फोडते ते ऍबे या आकड्यावरून कळतं. आकडा जितका मोठा तितके रंग कमी फुटतात. साध्या प्लास्टिकचा ऍबे ५८, १.६०चा सुमारे ४१, १.६७चा ३२, १.७४चा ३३ आणि पॉलीकार्बोनेटचा ३०.

मधल्या बिंदूतून सरळ पाहताना यातला फरक जवळजवळ कळत नाही. डोळा बाजूला वळवला की कळतो. खिडकीची पांढरी चौकट, काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं, रात्रीचे दिवे यांना एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळट-तांबूस किनार दिसू लागते, अक्षरं किंचित पसरतात. याचंही गणित सोपं आहे: नंबर गुणिले मधल्या बिंदूपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये, भागिले ऍबे. उत्तर साधारण ०.१च्या पुढे गेलं की किनार जाणवू लागते असं मानतात. −७ला साध्या प्लास्टिकमध्ये ही मर्यादा मधल्या बिंदूपासून ८ मिलिमीटरवर येते, १.६०मध्ये जवळजवळ ६वर, आणि १.६७, १.७४, पॉलीकार्बोनेट या तिघांत साडेचारच्या आसपास. म्हणजे स्वच्छ खिडकी निम्म्याच्या जवळ आली. काहींना हे आठवडाभरात दिसेनासं होतं, काहींना वर्षभर खुपत राहतं. आधीच्या चष्म्यात किनार दिसत असेल आणि त्रास होत असेल, तर दुसऱ्या गटातले तुम्ही.

आता एकेक काच पाहू.

साधं प्लास्टिक दृष्टीला सगळ्यात स्वच्छ, ओरखडेही त्यावर त्या मानाने कमी पडतात, आणि स्वस्त. −४पर्यंत आणि लहान फ्रेममध्ये त्याला नाकारायला कारण नाही. −७ला ६.४ची कड जाड ऍसिटेट फ्रेममध्ये बरीचशी लपते, बारीक धातूच्या फ्रेममध्ये उघडी पडते. रिमलेस फ्रेममध्ये मात्र ते घालू नये. स्क्रूच्या भोकापासून ते तडकतं.

पॉलीकार्बोनेटबद्दल माझं मत जरा कडक आहे. जाडीत ते १.६०च्या बरोबरीचं आहे, वरचा तक्ता पाहा, आणि रंग फोडण्यात सगळ्यांत वाईट. मग ते का घ्यायचं? धक्का सोसण्यासाठी. लहान मुलं, चेंडूचे खेळ, ठिणग्या किंवा तुकडे उडणारं काम, आणि ज्याला एकाच डोळ्याने नीट दिसतं असा माणूस: या चार ठिकाणी मी कडेची रंगीत किनार विसरून पॉलीकार्बोनेटच सांगेन. तक्त्यातल्या काचांत हलकंही तेच सगळ्यात जास्त. बाकीच्यांनी ते "पातळ" म्हणून घेण्यात हशील नाही. शिवाय ते मऊ असतं, वरचं कठीण कोटिंग गेलं की भराभर ओरखडतं, आणि नेलपॉलिश काढायच्या ऍसिटोनने खराब होतं. धक्का सोसणारी पण ऍबे ४३-४५ असलेली ट्रायव्हेक्स नावाची काच असते. तिचा इंडेक्स १.५३ असल्याने −७ला ती जाड होते, पण −४च्या मुलाला ती पॉलीकार्बोनेटपेक्षा चांगली.

१.६० ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित काच. जाहिरात १.६७ आणि १.७४ची होते, कारण पातळपणा विकायला सोपा. १.६०ची ऍबे मधली, मजबुती चांगली, रिमलेसमध्ये भोक पाडलं तरी सहसा चिरत नाही. आपल्या उदाहरणातल्या माणसाने 46□20 घेतली असेल, तर मी त्याला हीच सांगेन: ५.१ मिलिमीटर कड आणि १.६७पेक्षा स्पष्ट बाजू.

१.६७ घ्यायची ती −८च्या आसपास आणि पुढे, किंवा फ्रेम बारीक धातूची असून कड उघडीच राहणार असेल तर. १.७४ त्याच्याही पुढे. पण १.७४ वजनाला हलकी असते हा समज खरा नाही. तिचं द्रव्य घन सेंटिमीटरला १.४७ ग्रॅम भरतं, १.६७चं साधारण १.३६ आणि पॉलीकार्बोनेटचं १.२०. −७ला ४६ मिलिमीटरची गोल काच धरून हिशेब केला, तर साधं प्लास्टिक साधारण साडेआठ ग्रॅम, १.६७ साडेसहा, १.७४ पावणेसात आणि पॉलीकार्बोनेट सहाच्या थोडं वर. पातळ झालं तेवढं द्रव्याच्या जडपणात परत गेलं. नाकावर वळ उठतात म्हणून १.७४ घेणाऱ्याची निराशा ठरलेली.

एक गोष्ट कुठलीही काच बदलत नाही: समोरच्याला तुमचे डोळे लहान दिसणं. ते नंबरामुळे आणि काच डोळ्यापासून किती लांब आहे त्यामुळे होतं. त्यावर उपाय काच डोळ्याच्या जवळ बसवणं, म्हणजे नाकाचे पॅड नीट वाकवून घेणं. काच जवळ आली की उणा नंबर किंचित जोरदार होतो, हे मात्र बसवणाऱ्याला ठाऊक असू द्या.

पायरी ५: ऑर्डर देताना काय लिहून घ्यायचं

हाय इंडेक्स घेत असाल तर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग चैन म्हणून नाही, काचेचाच भाग म्हणून घ्या. इंडेक्स वाढला की पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश वाढतो. कोटिंगशिवाय साध्या प्लास्टिकमधून दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण ८ टक्के प्रकाश वाया जातो, १.६७मध्ये १२ आणि १.७४मध्ये १४. जाड काचेत कडेशी एकात एक दिसणारी वर्तुळंही या कोटिंगने फिकी होतात. पैसे मोजकेच असतील तर कोटिंगवाली १.६० ही बिनकोटिंगच्या १.६७पेक्षा केव्हाही बरी.

पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: इंडेक्सचा आकडा, कोटिंग, दोन डोळ्यांची वेगवेगळी पीडी आणि मधली जाडी किती ठेवणार ते. नुसतं "पातळ काच" असं लिहू देऊ नका, कारण १.५६लाही कुणी पातळ म्हणू शकतं. ऍस्फेरिक काच देऊ केली तर घ्यायला हरकत नाही. ती जरा सपाट दिसते आणि कडेची दृष्टी सुधारते. पण तिचा मधला बिंदू उभ्या दिशेतही नेमका बसावा लागतो, म्हणून बाहुलीची उंची फ्रेम चेहऱ्यावर असताना मोजून घ्या.

कडेला पॉलिश हवं का, असं विचारतील. रिमलेस आणि हाफ रिममध्ये ते छान दिसतं, पण चकचकीत कडेतून आत प्रकाश शिरतो आणि काहींना तो खुपतो. पूर्ण फ्रेममध्ये मी मॅट कडच ठेवायला सांगतो.

पायरी ६: चष्मा हातात आल्यावर

आधी काड्या मिटून पाहा. कानाकडची कड फार जाड असली की काडी तिला अडते आणि पूर्ण मिटत नाही. मग नाकाकडे पाहा. तिथली कड पॅडच्या तारेला टेकत असेल तर पॅड वाकवायला जागा राहत नाही आणि चष्मा पुढेच बसतो. दोन्ही गोष्टी दुकानातच दुरुस्त करून घ्यायच्या.

मग दुकानातल्याच कॅलिपरने कानाकडची जाडी आणि मधली जाडी मोजायला सांगा. दोहोंतला फरक तुम्ही काढलेल्या आकड्याशी ताडा. 46□20मध्ये −७ला १.६७चा फरक सुमारे ३.३ यायला हवा. तिथे ४.४ निघाला तर साधं प्लास्टिक बसलं असल्याची शंका रास्त आहे. पण १.६० आणि १.६७ यांच्यातला फरक कॅलिपरने ठरवायला जाऊ नका, तो मोजणीच्या चुकीत बुडतो. त्यासाठी काचेचं मूळ पाकीट मागा, त्यावर इंडेक्स छापलेला असतो. मधली जाडीच दोनच्या पुढे निघाली, तर काच बरोबर असूनही उगाच जाड घासली आहे आणि तेवढी जाडी कडेलाही चढली आहे. कडेची तक्रार करणाऱ्यांच्या चष्म्यात हे तपासायचं बरेचदा राहून जातं.

मधला बिंदू कुठे बसला ते लेन्सोमीटर या काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर ठिपका मारून दाखवतात. दोन ठिपक्यांमधलं अंतर तुमच्या पीडीशी जुळलं पाहिजे. −७ला दोन्ही मिळून ४ मिलिमीटर चुकलं तर जवळजवळ ३ प्रिझमचा ताण डोळ्यांवर येतो: संध्याकाळी भुवया ओढल्यासारख्या होतात, वाचताना ओळ धूसर होते, आणि माणूस काचेच्या प्रकाराला दोष देत बसतो.

त्रास नेमका कशाचा, हे ओळखायला एक चाचणी घरी करता येते. उजेडाच्या खिडकीची उभी चौकट बघा, आधी नाक तिच्याकडे ठेवून सरळ, मग डोके तिथेच ठेवून फक्त डोळे बाजूला नेऊन. सरळ पाहताना स्वच्छ आणि बाजूने रंगीत किनार, तर तो काचेचा स्वभाव. दोन आठवडे वापरून बघा, नाही जमलं तर पुढच्या वेळी ऍबे जास्त असलेली काच घ्या. सरळ पाहतानाच रंगीत किनार दिसत असेल तर मधला बिंदू बाहुलीसमोर नाही, काच परत करा. आणि सरळ पाहताना रंग नाही पण चौकट धूसर आहे, तर नंबर किंवा ऍक्सिस पुन्हा तपासून घ्या. तिथे इंडेक्स बदलून काहीही होणार नाही.